हीमची घडण आणि मोडणी

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डेव्हिड शेमिन या रसायनज्ञाने, १५ अणुभाराच्या जड नायट्रोजनाने चिन्हांकित केलेले ग्लायसीन नावाचे अमिनो आम्ल, सुमारे ६६ ग्रॅम, तीन दिवसांत स्वतःच प्राशन केले, आणि पुढे कित्येक महिने तो आपले रक्त काढून त्यातील हीम या रंगद्रव्यात त्या नायट्रोजनाचे प्रमाण किती आहे हे मोजत राहिला. रिटेनबर्ग या सहकाऱ्याबरोबर १९४६ साली त्याने जो निबंध प्रसिद्ध केला, त्यावरून दोन गोष्टी एकदमच निश्चित झाल्या. हीमच्या गाभ्यातील नायट्रोजन ग्लायसीनमधून येतो ही पहिली. आणि चिन्हांकित हीम रक्तात चढल्यावर तीन-साडेतीन महिने जवळजवळ तसेच टिकून राहून मग उतरू लागते, म्हणजे तांबडी पेशी आपले हीम आयुष्यभर बदलीत नाही व सरासरी १२० दिवसांच्या आसपास जगून ते सबंध घेऊनच मरते, ही दुसरी. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याच मंडळींनी मलातील रंगद्रव्य तपासले, तेव्हा असे दिसले की त्याचा काही अंश चिन्हांकित होऊन पहिल्या काही दिवसांतच बाहेर पडतो. तांबड्या पेशींच्या मृत्यूची वाट न पाहता मोडले जाणारे हीमही शरीरात आहे, आणि त्याचा एक मोठा वाटा यकृतात घडतो व यकृतातच मोडतो. पुढील सर्व विवेचनात ही गोष्ट ध्यानी ठेवावी लागेल. कारण हीमच्या घडणीतील बिघाड, ज्यांना पोर्फिरिया म्हणतात, आणि त्याच्या मोडणीतील बिघाड, ज्याला आपण कावीळ म्हणतो, हे वैद्यकाच्या ग्रंथांतून निरनिराळ्या प्रकरणांत बसविले गेले असले तरी एकाच द्रव्याचा तो जमाखर्च आहे, आणि तो एकत्र वाचला तरच उपवास, झोपेचे औषध व प्रकाश या तीन साध्या गोष्टी एका रोग्यास तारक वा निरुपद्रवी आणि दुसऱ्यास मारक का ठरतात याचा उलगडा होतो.

निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरात दररोज सुमारे ३०० मिलिग्रॅम हीम तयार होते. त्यातील चार-पंचमांशाहून अधिक अस्थिमज्जेत, हिमोग्लोबिनसाठी. उरलेल्यापैकी बहुतेक यकृतात, जेथे औषधे व विषे यांचे विघटन करणाऱ्या सायटोक्रोम नामक प्रथिनांना ते लागते. दोन्ही ठिकाणी घडणीचे टप्पे तेच, आठ आहेत. पेशीतील मायटोकाँड्रियात ग्लायसीन आणि सक्सिनिल को-एन्झाइम-ए यांचा संयोग होऊन अमिनोलेव्युलिनिक आम्ल बनते. तेथून ते बाहेर पेशीरसात येते, त्याचे दोन रेणू जुळून पोर्फोबिलिनोजेन नावाचे पंचकोनी कडे तयार होते, अशी चार कडी एका ओळीत गुंफली जातात, आणि मग ही सरळ साखळी वळून तिची दोन्ही टोके जुळतात. त्या मोठ्या वलयाच्या कडेचे अवयव क्रमाक्रमाने छाटले गेल्यावर ते पुन्हा मायटोकाँड्रियात शिरते, तेथे त्याचे प्रोटोपोर्फिरीन होते, आणि अखेरीस त्याच्या मध्यभागी लोहाचा एक अणू बसविला की हीम सिद्ध झाले. प्रत्येक टप्प्यावर एक स्वतंत्र विकर, म्हणजे एन्झाइम, नेमलेले आहे, आणि त्यांतील प्रत्येकाच्या बिघाडाचा एक तरी रोग आज माहीत आहे.

ही नामावळी वाचकाने पाठ करावी अशी माझी मुळीच अपेक्षा नाही. तीतून दोन गोष्टी मात्र उचलून घ्याव्यात. एक अशी की सरळ साखळी बनण्यापूर्वीचे पदार्थ, म्हणजे अमिनोलेव्युलिनिक आम्ल आणि पोर्फोबिलिनोजेन, हे बिनरंगी असून प्रकाशाशी त्यांना कर्तव्य नसते. ते साचले तर पीडा मज्जातंतूंना होते. वलय जुळल्यानंतरचे पदार्थ मात्र प्राणवायूच्या संपर्काने पोर्फिरीन या रंगीत द्रव्यांत रूपांतरित होतात, आणि जांभळ्या प्रकाशाची सुमारे ४०० नॅनोमीटरची लहर शोषून घेऊन तिची शक्ती जवळच्या प्राणवायूला देतात. तो प्रक्षुब्ध प्राणवायू त्वचेच्या पेशी जाळतो. म्हणून अडथळा कोठे आहे याचा पहिला अंदाज रोगी पोट धरून आला की उन्हाने भाजून आला, एवढ्यावरूनच बांधता येतो. दुसरी गोष्ट नियंत्रणाची. अस्थिमज्जेतील घडणीचा वेग मुख्यतः लोहाच्या पुरवठ्यावर चालतो. यकृतातील घडणीचा वेग मात्र खुद्द हीमच ठरविते. तयार हीम पुरेसे असले की ते पहिल्याच टप्प्यावरच्या विकराची निर्मिती तहकूब करते, आणि ते कमी पडले की ही मनाई आपोआप उठते. व्यवस्था मोठी काटकसरीची आहे; पण तिच्यातच तीव्र पोर्फिरियाचे सारे अनर्थ दडलेले आहेत.

त्यांतील मुख्य रोग तीव्र सविराम पोर्फिरिया हा होय. त्यात चार कडी गुंफणाऱ्या तिसऱ्या विकराचे सामर्थ्य जन्मतःच निम्मे असते, कारण आईकडून किंवा बापाकडून आलेल्या दोन जनुकांपैकी एक निकामी असतो. निम्मे सामर्थ्य नेहमीच्या कामाला पुरते, आणि हा वारसा लाभलेल्यांपैकी बहुसंख्य माणसे जन्मभर निरोगी राहतात. अर्धी बुजलेली मोरी उन्हाळ्यात कोणाच्या लक्षात येत नाही, पाण्याचा लोंढा आला म्हणजेच अलीकडे तुंबते, तशातला हा प्रकार आहे. आणि लोंढा सोडणारा तो पहिला टप्पा होय.

उदाहरणादाखल पंचवीस-सव्वीस वर्षांची एक स्त्री कल्पावी. तिने नवरात्राचे नऊ दिवस नुसत्या पाण्यावर काढले, आणि त्यातच पाळीचे दिवस जवळ आले. उपवासाने यकृतातील पहिल्या विकराची निर्मिती वाढते, पाळीपूर्वीच्या संप्रेरकांनीही वाढते. तिचे तिसरे विकर जन्मतःच निम्मे असल्यामुळे तिच्या यकृतात आता पोर्फोबिलिनोजेन साचू लागते. तिच्या पोटात असह्य कळा सुरू होतात, बद्धकोष्ठ होते, ओकाऱ्या होतात, नाडी जलद चालते, रक्तदाब चढतो; पण वैद्य पोट दाबून पाहतो तो ते मऊ, कारण बिघाड आतड्यांत नसून त्यांना चालविणाऱ्या मज्जातंतूंत आहे. पोट उघडून काहीच न सापडल्याची नोंद अशा कित्येक रोग्यांच्या कागदपत्रांत आढळते. रक्तातील सोडियम घसरून तिला झटका येतो, आणि झटक्यावर पूर्वी सर्रास दिले जाणारे फेनोबार्बिटल टोचले जाते. हेच खरे संकट! हे औषध यकृताला अधिक सायटोक्रोम बनविण्यास भाग पाडते, त्या सायटोक्रोमांना हीम लागते, मोकळे हीम त्यात खर्ची पडते, पहिल्या टप्प्यावरची मनाई पार उठते, आणि तुंबाऱ्यात भर पडते. दोन-तीन दिवसांत हातापायांतले बळ जाते, आणि श्वासाचे स्नायू लुळे पडले तर मृत्यू ओढवतो.

निदान मात्र, संशय आला असता, फार स्वस्त आहे. लघवी ताजी असताना पुष्कळदा साधीच दिसते, उजेडात ठेवली की तासा-दोन तासांत गडद तांबूस होते, कारण पोर्फोबिलिनोजेनाची आपोआप पोर्फिरीने बनतात. परीक्षानळीत थोडी लघवी घेऊन तितकाच एर्लिखचा द्रव घातला की पोर्फोबिलिनोजेनाने लाल रंग येतो. अडचण एवढीच, की हीमच्या मोडणीच्या अगदी शेवटास निर्माण होणारे युरोबिलिनोजेन हेही त्याच द्रवाने लालच होते. वॉटसन आणि श्वार्ट्‌झ यांनी १९४१ साली यावर तोड काढली. नळीत क्लोरोफॉर्म घालून ती हलवावी. लाल रंग खालच्या क्लोरोफॉर्मच्या थरात उतरला तर तो युरोबिलिनोजेनाचा, म्हणजे प्रश्न यकृताचा किंवा रक्तविघटनाचा. वरच्या पाण्याच्या थरातच राहिला तर पोर्फोबिलिनोजेनाचा. घडणीच्या आरंभीचे आणि मोडणीच्या अखेरचे द्रव्य अशी एका नळीत वरखाली वेगळी होताना पाहण्यात जे समाधान आहे, ते आजच्या यंत्रांनी छापून दिलेल्या आकड्यांत नाही, असे मला वाटते. मात्र अचूकपणा यंत्रांतच आहे, हेही कबूल केले पाहिजे. दिवसाकाठी निरोगी माणसाच्या लघवीतून पोर्फोबिलिनोजेनाचे फार तर दोनेक मिलिग्रॅम जातात, हल्ल्यात २० पासून २०० पर्यंत.

उपचारही याच तर्कातून निघाले. आधी घातक औषधे बंद करावीत; मग साखर द्यावी, दिवसास निदान ३०० ग्रॅम, कारण उपवासाने चढलेला पहिला टप्पा तिने उतरतो; आणि तेवढ्याने भागले नाही तर हीमच शिरेतून द्यावे, म्हणजे यकृतास पुरवठा पुरेसा असल्याचे कळून ते स्वतःहून निर्मिती थांबविते. हीम शिरेतून दिल्याने हे साधते हे १९७१ साली अमेरिकेत दाखविले गेले. आज किलोमागे तीन-चार मिलिग्रॅम या प्रमाणात चार दिवस ते देतात. वारंवार हल्ले येणाऱ्यांसाठी पहिल्या विकराचा निरोप पेशीतच नष्ट करणारे गिवोसिरान नावाचे औषध २०१९ पासून उपलब्ध झाले आहे.

रोग वंशात असूनही कारण न मिळाल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या झोपून राहतो, याचा सर्वांत विलक्षण दाखला दक्षिण आफ्रिकेचा आहे. पोर्ट एलिझाबेथ येथे वैद्यकी करणाऱ्या जेफ्री डीन यास गोऱ्या आफ्रिकानेर कुटुंबांत अशी माणसे पुष्कळ आढळू लागली, की ज्यांच्या हातांची त्वचा उन्हात लवकर सोलते, आणि जी बार्बिट्युरेट औषधांनंतर लुळी पडून दगावतात. त्याने घराण्यांच्या वंशावळी मागे मागे नेल्या तेव्हा त्या एका दांपत्यापाशी येऊन थांबल्या: गेरिट यान्स हा केपमधील वसाहतकार, आणि रॉटरडॅमच्या अनाथाश्रमातून तेथे पाठविलेली आरियांत्ये, त्यांचे लग्न १६८८ साली झाले होते. रोगाचे नाव विविधरूपी पोर्फिरिया. त्यात सातव्या टप्प्याचे विकर निम्मे असते, म्हणून त्वचाही भाजते आणि मज्जातंतूंचे हल्लेही येतात. या घराण्यांतील बहुतेक रोग्यांत एकच जनुकदोष आहे हे १९९६ साली सिद्ध होऊन डीनच्या वंशावळींना रसायनाची पुष्टी मिळाली. दोनशे वर्षांहून अधिक काळ या कुटुंबांनी भरपूर मुले वाढविली, शेती केली, आणि थोड्याफार नाजूक कातडीपलीकडे कोणास काही खटकले नाही; झोपेची व गुंगीची नवी औषधे बाजारात आली तेव्हा कुठे तो वारसा प्राणघातक झाला. इंग्लंडचा तिसरा जॉर्ज याच जातीच्या रोगाने वेडा झाला, हे मत १९६६ साली मॅकअल्पाइन व हंटर यांनी मांडले आणि ते बरेच लोकप्रिय झाले. पण त्याचा पुरावा वैद्यांच्या जुन्या टिपणांतील लघवीच्या रंगापलीकडे फारसा जात नाही, आणि आजचे बरेच अभ्यासक ते स्वीकारीत नाहीत.

आता जमेकडून खर्चाकडे वळू. म्हातारी झालेली तांबडी पेशी मुख्यत्वे प्लीहेतील भक्षकपेशी गिळतात. तेथे हीम-ऑक्सिजनेज हे विकर हीमचे वलय एका ठरावीक सांध्यावर उघडते. लोह सुटून पुन्हा कामी लागते, कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू निघून श्वासावाटे जातो, आणि हिरवे बिलिव्हर्डीन उरते, ज्याचे लगेच पिवळे बिलिरुबीन होते. हा क्रम पाहावयास प्रयोगशाळा लागत नाही. मुका मार लागलेल्या जागी काळेनिळे वळ आधी हिरवट आणि मग पिवळे पडतात, ते याच क्रमाने. एक ग्रॅम हिमोग्लोबिनातून सुमारे ३५ मिलिग्रॅम आणि दिवसाकाठी २५० ते ३०० मिलिग्रॅम बिलिरुबीन तयार होते. त्याचा रेणू आपलीच दोन टोके हायड्रोजन बंधांनी आत दुमडून बसतो, म्हणून पाण्यात विरघळत नाही. रक्तातल्या अल्ब्युमिनास चिकटून तो यकृतात पोहोचतो. तेथे एक विकर त्यास ग्लुक्युरॉनिक आम्लाची जोड देते, त्याने दुमड उलगडते, रेणू पाण्यात विरघळण्याजोगा होतो, आणि पित्तातून आतड्यात रवाना होतो. आतड्यातले जंतू त्यापासून युरोबिलिनोजेन बनवितात. मलाचा पिवळट-तपकिरी रंग हा त्याच्याच पुढच्या रूपाचा.

रक्तरसात दर १०० मिलिलिटरला एखाद्या मिलिग्रॅमपर्यंत बिलिरुबीन असावे. दोन-अडीचच्या पुढे गेले की डोळ्यांचे पांढरे पिवळे दिसू लागते. अडथळा जोडणीच्या अलीकडे की पलीकडे, हा काविळीतील पहिला प्रश्न आहे, आणि त्याचेही उत्तर लघवी देते. अल्ब्युमिनास चिकटलेले, जोड न लागलेले बिलिरुबीन मूत्रपिंडातून गळत नाही. म्हणून तांबड्या पेशी अतोनात फुटून झालेल्या काविळीत डोळे पिवळे असले तरी लघवीत पित्त नसते, आणि मल उलट गडद असतो. पित्तवाहिनी खड्याने किंवा गाठीने अडली तर जोड लागलेले बिलिरुबीन उलटे रक्तात परतते, लघवी काळ्या चहासारखी होते, मल पांढुरक्या मातीसारखा होतो आणि अंगाला कंड सुटतो. यकृताच्या दाहात दोन्हींची भेसळ दिसते. आपल्याकडे खेडोपाडी काविळीवर माळ घालतात, ती दिवसागणिक लांबत जाऊन रोग उतरवते असे मानतात. दूषित पाण्यातून आलेली बहुतेक कावीळ काही आठवड्यांत आपोआप ओसरते, त्यामुळे माळेची कीर्ती अबाधित राहते. ज्याची पित्तवाहिनी गाठीने अडली आहे त्याचे मात्र या माळेपायी मौल्यवान आठवडे जातात.

जोडणीच्या विकराची मूळचीच दुर्बळता ज्यांच्यात असते अशी माणसे शंभरात पाच-दहा तरी सापडतात. १९०१ साली झिलबेर याने वर्णिलेल्या या अवस्थेत विकराचे काम सामान्याच्या एक-तृतीयांशाच्या आसपास चालते, आणि उपवास केला की बिलिरुबीन चढून डोळे पिवळसर होतात. म्हणजे वर कल्पिलेल्या स्त्रीला ज्या उपवासाने अतिदक्षता विभागात नेले, तोच उपवास येथे डोळ्यांत किंचित पिवळेपणा आणून थांबतो, आणि जेवण झाले की तो जातो. याहून ठळक विरोध फेनोबार्बिटलचा. ते यकृतातील जोडणीचे विकरही वाढविते. म्हणून हे विकर फारच तोकडे असलेल्या क्रिग्लर-नज्जार रोगाच्या सौम्य प्रकारात ते दिल्यास बिलिरुबीन लक्षणीय उतरते. यकृतातील विकरे वाढविण्याचा जो गुण पोर्फिरियात प्राण घेतो, तोच येथे औषध ठरतो. फरक औषधात नाही, त्या घरच्या मोरीत कोणती बाजू बुजली आहे यात आहे.

प्रकाशाची गोष्ट नवजात बालकांची आहे. जन्मतः बाळाच्या तांबड्या पेशी पुष्कळ आणि अल्पायुषी असतात, आणि जोडणीचे विकर प्रौढाच्या शंभराव्या भागाइतकेच जागे असते. म्हणून निम्म्याहून अधिक मुले पहिल्या आठवड्यात पिवळी पडतात. बहुतेकांची कावीळ निरुपद्रवी असते, पण बिलिरुबीन फार चढले तर ते मेंदूतील केंद्रकांत झिरपून कायमची इजा करते. इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात वॉर्ड नावाच्या परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उन्हे चांगली असली की अंगणात नेत असत. १९५६ साली त्यांनी वैद्यांना एक बाळ दाखविले, ज्याचे अंग फिकट झाले होते, पण चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेली त्वचा तेवढी पिवळी राहिली होती. त्याच सुमारास खिडकीत उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नमुन्यात बिलिरुबीन आश्चर्यकारक उतरलेले आढळले, आणि क्रेमर व सहकाऱ्यांनी १९५८ साली प्रकाशोपचार प्रसिद्ध केला. निळा प्रकाश रेणूची दुमड उलगडतो, आणि बिलिरुबीन विकराच्या जोडीवाचूनच पित्तात उतरते. कोवळ्या उन्हात बाळ धरण्याची आपल्या घरांतील रीत या तत्त्वाच्या जवळची आहे खरी. पण चढलेली कावीळ उतरविण्यास लागणारा मोजका प्रकाश त्यातून मिळत नाही.

याच दिव्याखाली दोन्ही मार्ग क्वचित एकत्र येतात. जन्मजात पोर्फिरिया हा अत्यंत विरळा रोग. १९११ साली गुंथर याने त्याचे स्वरूप वेगळे काढले. त्यात सरळ साखळीला वळण देणारे चौथे विकर जवळजवळ नसतेच, म्हणून साखळी आपोआप भलत्याच वळणाने मिटते, आणि निरुपयोगी पोर्फिरीने रक्तात, हाडांत, पुढे दातांतही साठतात. त्यांनी भरलेल्या तांबड्या पेशी लवकर फुटतात, म्हणून असे बाळ जन्मतः पिवळे असू शकते. आणि पिवळे म्हणून त्यास निळ्या दिव्याखाली ठेवले की बिलिरुबीन उतरते, परंतु पोर्फिरीन तोच प्रकाश घेऊन काही तासांत कातडीवर फोड उठविते. खूण अगोदरच हाती असते: अशा बाळाचे लंगोट गुलाबी ते तपकिरी डागाळलेले असते, आणि वूडच्या जांभळ्या दिव्याखाली ते तांबडे चमकते. म्हणून ज्या बाळाचे लंगोट डागाळले असेल, किंवा प्रकाशोपचार सुरू होताच ज्याचे अंग भाजल्यासारखे लाल होईल, त्याचा दिवा तत्काळ बंद करून लघवीतील पोर्फिरीने मोजावयास पाठवावीत, आणि कावीळ फार चढली असेल तर ती रक्त बदलून उतरवावी.